अकरा नवरे आणि एक आजी

आमच्या थोरल्या नातीचं बारसं झालं त्या साली, म्हणजे दोन हजार नऊमध्ये, मी चोपन्न वर्षांची होते आणि नुकतीच वाचायला शिकले होते. अंगणवाडीत दुपारचा वर्ग भरायचा. जोडाक्षर दिसलं की मी अजून अडखळत होते, पण भिंतीवरची जाहिरात असो की औषधाची बाटली, समोर येईल ते मोठ्याने वाचायची खोड लागली होती. घरातली माणसं त्याला कंटाळली होती.

बारशाच्या दिवशी पाळण्यात घालायला सुनेने माझीच एक वाकळ काढली. केंद्राने ती पुण्याच्या प्रदर्शनाला नेली होती, विकली गेली नाही म्हणून परत आली होती. आमच्याकडे गोधडीला वाकळच म्हणतात. तालुक्याला वृंदाताईंचं केंद्र होतं, तिथे आम्ही अकरा जणी वाकळा शिवून देत असू. प्रत्येक वाकळेच्या कोपऱ्याला दोऱ्याने एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं असे. त्यावर काहीतरी छापलेलं आहे हे मला चार वर्षं ठाऊक होतं. काय छापलंय ते ठाऊक नव्हतं.

"विहीणबाई, ह्याच्यावर तुमचं नाव दिसतंय," सुनेच्या आई म्हणाल्या. "वाचा की. आता येतंय ना तुम्हाला."

मला तेवढंच हवं होतं. मी चष्मा लावला आणि भरल्या घरात बोट ठेवून वाचायला लागले.

"सो-ज-रा-बाई मोहळकर. सोजराबाईंना ही कला वयाच्या सातव्या वर्षी आजीच्या मांडीवर मिळाली. पतीच्या नि… नि-ध-ना-नं-तर…"

मी थांबले. परत वाचलं. तेच होतं.

"पतीच्या निधनानंतर खचून न जाता त्यांनी कंदिलाच्या उजेडात गोधड्या शिवून चार मुलांना वाढवले. अक्षर कधी न पाहिलेल्या या हातांनी…"

पुढचं मी वाचलंच नाही. माझे पती समोर भिंतीला टेकून बसले होते आणि वाटीतल्या घुगऱ्या खात होते.

"म्हंजी मी मेलो व्हय?" त्यांनी विचारलं.

सगळं घर हसलं. विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. आमचा दत्ता म्हणाला, "दादा, आम्ही तिघंच आहोत. चौथं कोण ते आधी सांगा."

"मला काय इचारतो? मी मेलोय," हे म्हणाले, आणि घुगऱ्यांची वाटी सुनेपुढे केली. "मेलेल्याला अजून थोड्या वाढ."

मला हसू आलं नाही. मी चार महिने घाम गाळून वाचायला शिकले ते हे वाचायला? कार्ड दोऱ्यातून तोडून चुलीत टाकायला निघाले, तर ह्यांनी हात पुढे केला. ते चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून दिलं.

गावात ही गोष्ट पोचायला संध्याकाळ लागली नाही. दुसऱ्या दिवशी पारावरून कुणीतरी ओरडलं, "अंबादासराव, वरून कधी आलात? तिकडं पाणी कसंय?" हे हसून पुढे गेले. पण घरी आल्यावर जेवले अर्धंच. मी म्हटलं, "आवं, कागदावर मेलं म्हणून कुणी मरतं का? उलट आयुष्य वाढतं."

"मरणाचं काय न्हाई," ते म्हणाले.

"मग काय हाय?"

"काय न्हाई."

माझं डोकं फिरलं. ह्या माणसाचं काय न्हाई म्हणजे काहीतरी असतंच, आणि ते काढून घ्यायला पक्कड लागते. मी सोमवारची पहिली एस.टी. धरली.

वृंदाताई चांगल्या बाई होत्या. पुण्याचं घर सोडून आमच्या धुळीत राहायच्या. पण कशालाही आधी हसून 'हो' म्हणायची त्यांना सवय होती, आणि त्या 'हो'चा अर्थ 'नाही' आहे हे कळायला तास जायचा.

"हो, बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पण सोजराबाई, तो परिचय आहे. परिचय म्हणजे अगदी हकीकत नसते. घेणाऱ्याला कारागीर डोळ्यासमोर दिसावी म्हणून लिहितात."

"दिसतीय की. पण ती मी न्हाई."

"तसं नाही हो…"

"माझा नवरा जिवंत हाय, ताई. काल त्यानं शेंगा फोडल्या."

त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. चार वर्षांपूर्वी केंद्रात नाव घालताना एका मुलीने प्रश्न विचारून माझा फॉर्म भरला होता, तो त्यात होता. मी बोट ठेवून वाचायला लागले. नाव बरोबर. गाव बरोबर. मुलं तीन, बरोबर. 'पती : अंबादास, हयात.' ते पण बरोबर. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. ती वाचली आणि मी फाइल मिटली.

"फॉर्मात तर ह्ये जिवंत हायेत," मी म्हटलं. "कार्डावर कुणी मारले?"

मग हळूहळू बाहेर आलं. केंद्र सुरू झालं तेव्हा शिवणारी एकच होती, कोंडाबाई. पुण्याहून एक लिहिणाऱ्या बाई आल्या, कोंडाबाईशी तासभर बोलल्या आणि त्यांनी तिचा परिचय लिहिला. तो लोकांना फार आवडला. त्या वाकळा आठ दिवसांत गेल्या. नंतर एकेक बाई येत गेली तशी तिची कार्डं हवी झाली. दर वेळी पुण्याच्या बाईंना कोण बोलावणार? कार्डाचा मजकूर संगणकात होताच. कोंडाबाईचं नाव पुसायचं, नवीचं घालायचं आणि छापायला द्यायचं. फॉर्म भरलेले होते, पण ते कपाटात.

मी म्हटलं, "सगळी कार्डं दाखवा."

त्यांनी टेबलावर मांडली. अकरा होती. मी अकराच्या अकरा वाचली. एस.टी.ची वेळ टळली तरी वाचली. वृंदाताई मध्ये म्हणाल्या, "सारखीच आहेत हो, सगळी कशाला?" तरी वाचली, कारण मला एकदा खात्री करून घ्यायची होती. अकरा बायका, अकरा मेलेले नवरे, चव्वेचाळीस पोरं, आणि सगळ्यांना मिळून एकच आजी. त्यातल्या आठ जणींचे नवरे तर त्या आठवड्यात मी बाजारात पाहिले होते.

खिडकीखाली कोंडाबाई शिवत बसली होती. कमी बोलणारी, हाडकुळी बाई. टाका न थांबवता ती म्हणाली, "माझा एकटीचा मेला तो पुरं झाला नव्हता व्हय? तुमचेबी घेतले."

"तुझं तरी खरं हाय ना सगळं?" मी विचारलं.

"नवरा मेला ते खरं. पोरं चार, ते खरं. आजीनं शिकवलं, तेबी खरं. कंदील न्हाई. आमच्यात बल्ब होता. मी त्या बाईला सांगितलं बल्ब हाय म्हणून. ती म्हणली बरं, आन् लिवला कंदील."

वृंदाताईंनी कपाळाला हात लावला. "हे बघा, नवीन कार्डं शुक्रवारी छापायला जायची आहेत. मुंबईचं मोठं प्रदर्शन आहे. तिथे बसून शिवून दाखवायला एका बाईला बोलावणार आहेत, आणि तिची निवड परिचय वाचूनच होणार. मी सगळ्यांचे नवीन परिचय कधी लिहू?"

"सगळ्यांचे तुम्ही बघा. माझा मी लिहिते."

"तुम्ही?"

"का? हातांनी अक्षर कधी न पाहिलेलं हाय म्हणून?"

त्या लाल झाल्या. मग मात्र त्यांनी नीट समजावलं, हे मी कबूल करते. कार्डावर साठ शब्द मावतात. एकसष्टावा घातला की अक्षर बारीक करावं लागतं आणि मग कुणी वाचत नाही. 'मी' लिहायचं नाही, दुसऱ्या कुणी आपल्याबद्दल सांगावं तसं लिहायचं. आधी नाव, मग गाव, मग काम काय आणि किती वर्षं. त्यानंतर काम कुणाकडून आलं. आणि शेवटी अशी एखादी गोष्ट की जी त्याच बाईची असेल, दुसरीला लावता येणार नाही.

"शुक्रवारी बारापर्यंत," त्या म्हणाल्या. "नाही आलात तर जुनंच जाईल. तुमच्या चाळीस वाकळा आहेत या खेपेला."

म्हणजे चाळीस वेळा माझा नवरा मरणार होता, आणि तेही मुंबईत.

मंगळवारी मी नातीच्या पाळण्याशेजारी वही घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत तीन पानं झाली. माझा जन्म, बापाचा बैल मेला ते वर्ष, सासूचा जाच, दत्ताचा गोवर. सुनेने शब्द मोजले. चारशे बारा. मी आयुष्यात इतकं कधी लिहिलं नव्हतं, आणि त्यातलं साडेतीनशे फेकायचं म्हणजे शिवलेली वाकळ उसवण्यासारखं होतं. बुधवारी कापायला बसले. सासू गेली, बैल गेला, गोवर गेला. उरलं ते ह्यांना वाचून दाखवलं.

"सोजराबाई या अत्यंत कष्टाळू व प्रेमळ असून…"

"कोण म्हणतं?" हे बाजेवरून म्हणाले.

"मी."

"मग तसं लिव. प्रेमळ हाय, असं तीच म्हणती."

"तुम्ही म्हणा की मग."

"मला इचारू नगं. मी मेलोय."

मी पेन्सिल फेकली. पण त्यांचं खरं होतं. मग मी एक रीत धरली. दर ओळीला विचारायचं, ह्याला साक्षीदार आहे का? कष्टाळूला साक्षीदार नाही, कारण गावात कष्टाळू नसलेली बाई दाखवा. खोडलं. 'बोटांत जादू' हे मी कार्डावरूनच उचललं होतं, ते खोडलं. 'तीस वर्षे वाकळा शिवतात' ठेवलं. 'वाचायला यंदा शिकल्या' ठेवलं, त्याला सगळी अंगणवाडी साक्षीदार होती. 'घरात वीज आहे' ही ओळ मुद्दाम घातली, कोंडाबाईच्या बल्बासाठी.

काम कुणाकडून आलं, ह्या जागी मी लिहिलं, 'ही कला त्यांनी स्वतःच आत्मसात केली.' 'आत्मसात' हा शब्द मला वर्गातल्या बाईंनी दिला होता. जोडाक्षर असूनही बरोबर लिहिला म्हणून मी खूश होते.

गुरुवारी सकाळी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ह्या ओळीला आले तेव्हा बाज करकरली. हे उठून बसले. त्यांनी खिशातून ते कार्ड काढलं. बारशापासून तिथेच होतं, घामाने मऊ पडलं होतं. ते त्यांनी माझ्या वहीवर ठेवलं.

"ह्यात निदान आजी तरी होती," ते म्हणाले. "तुझ्यात तर कुणीच न्हाई."

आणि विहिरीकडे निघून गेले.

आता ते सांगायला हवं, जे वाचून मी केंद्रात फाइल मिटली होती. माझ्या फॉर्मावर 'पती : हयात' ह्याच्या खाली लिहिलं होतं, 'कोणाकडून शिकलात : आजी.' ते संगणकाने घातलं नव्हतं. कोंडाबाईचं नव्हतं. त्या मुलीने विचारलं तेव्हा ते मी माझ्या तोंडाने सांगितलं होतं. माझ्या आजीला मी पाहिलेलंसुद्धा नाही.

मला शिवायला ह्यांनी शिकवलं. बार्शीला एका गॅरेजात ते ट्रकच्या सीटा शिवायचे. रेग्झीन, किंतान, दाभण, सगळं हातावर. त्यांचा टाका असा पडायचा की ड्रायव्हर दुसऱ्या कुणाकडे जायचे नाहीत. ब्याऐंशी साली गाडीखालचा जॅक सरकला आणि उजव्या हाताची दोन बोटं चिरडली. सुई धरता येईना. तीन पोरं पदरात. तेव्हा त्यांनी घरातली जुनी लुगडी आणि एक धोतर अंगणात अंथरलं आणि मला समोर बसवलं. थर कसे ताणायचे, चारी कोपऱ्यांवर दगड कसे ठेवायचे, मधून बाहेर कच्चे टाके कसे घालायचे म्हणजे आतला थर सरकत नाही, मग कडेपासून आत धावदोरा कसा न्यायचा. मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोरा ओढून घ्यायचा म्हणजे पीळ पडत नाही, हे वाकळ शिवणाऱ्या कुठल्याच बाईला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते सीट शिवणाऱ्यांचं होतं. माझा टाका वाकडा गेला की ते डाव्या हाताने उसवायचे. एक दिवस नाही, दोन महिने.

पहिली वाकळ बाहेर वाळत घातली तेव्हा शेजारणी विचारायला लागल्या, कुणी शिकवलं गं? गावात वाकळ शिवणं म्हणजे बायकांचं काम. हाताने अधू झालेला पुरुष घरात बसून बायकोला टाके शिकवतो म्हटलं असतं तर पारावर काय झालं असतं? मी म्हटलं, आजीनं. मी दारात उभी होते आणि हे आत होते. त्यांनी ऐकलं. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी आजी म्हणत आले, इतकी वर्षं, ह्यांच्यासमोर.

दुपारी ते परत आले तेव्हा मी नवीन पान लिहिलं होतं. वाचून दाखवायचा धीर झाला नाही. वही त्यांच्या हातात दिली.

बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "ही ओळ कशाला घातली? आजीची. खोटं बोलले म्हणून लिवायचं? लोक हसतील तुला."

"हसू द्या. तुम्हाला हसतील म्हणून बोलले होते. आता मला हसू द्या."

"मला इचारलं व्हतंस का तवा, हसलेलं चालंल का म्हणून?"

मी वही परत घ्यायला हात पुढे केला.

त्यांनी परत वहीत डोकं घातलं. "आन् तीस वर्सं न्हाईत. ब्याऐंशी ते नऊ. सत्तावीस झाली."

"तीस म्हटलं तर काय बिघडतं?"

"मी मोजलीत," ते म्हणाले.

मी तीस खोडून सत्तावीस केलं.

शुक्रवारी अकरा वाजता मी केंद्रात होते. वृंदाताईंनी मोठ्याने वाचलं. मी लिहिलं होतं ते असं :

'सौ. सोजर अंबादास मोहळकर, वय ५४, कासारखेड, तालुका बार्शी. सत्तावीस वर्षे वाकळा शिवतात. शिवायला पती अंबादास यांनी शिकवले. ते ट्रकच्या सीटा शिवत, बोटे चिरडल्यावर त्यांचे काम थांबले. आजीकडून शिकल्याचे सोजर सर्वांना सांगत आल्या, ते खरे नव्हते. मुले तीन. घरात वीज आहे. वाचायला यंदा शिकल्या. दोऱ्याला मेण अजून अंबादासच लावतात. हा परिचय त्यांनी स्वतः लिहिला.'

"चोपन्न शब्द," मी म्हटलं. "वय तेवढे."

त्यांनी बोटांवर शब्द मोजून पाहिले. मग म्हणाल्या, "हो, छान आहे. फारच छान. पण सोजराबाई, ट्रकच्या सीटा म्हटलं की परंपरा कुठे राहिली? मुंबईला निवडणारे लोक आजी, पणजी असं बघतात. तुमचं काम सगळ्यांत सफाईचं आहे, तुम्हीच जाल असं मला वाटत होतं. निदान 'कुटुंबातून शिकल्या' असं म्हणूया का? खोटं होत नाही."

"खोटं न्हाई, पण ह्ये त्यात दिसत न्हाईत."

"आणि ती आजीची ओळ? ती कुणी विचारणार आहे का?"

"कुणी इचारत न्हाई म्हणून तर एवढी वर्सं चाललं."

खिडकीखालून कोंडाबाई म्हणाली, "ताई, लिवा तिचं हाय तसं. आन् माझा कंदील काढा."

वृंदाताईंनी उसासा टाकला आणि टाइप करायला लागल्या. कागद बाहेर आला तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहून अक्षर अन् अक्षर तपासलं. कुठूनतरी 'जिद्दी' हा शब्द आला होता, तो काढायला लावला. दुसरा कागद आला. त्यावर नावामागे 'श्रीमती' होतं, जे आमच्याकडे विधवेला लावतात. जुन्या मजकुरातलं तेवढंच राहून गेलं होतं.

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही त्यांना काही केल्या जगू देत न्हाई."

तेव्हा त्या पहिल्यांदा मनापासून हसल्या. तिसऱ्या कागदावर सगळं बरोबर आलं आणि खाली मी सही केली. अंगठा नाही, सही.

मुंबईला बोलावणं मला आलं नाही, कोंडाबाईला आलं. काढायचा राहिलेला कंदील तिच्या कार्डावर तसाच गेला होता. चार दिवसांनी ती परत आली तेव्हा मी विचारलं, कसं झालं? म्हणाली, "शिवलं कोण बघतंय? जो तो इचारतोय कंदील कुठाय."

माझ्या चाळीस वाकळांपैकी एकोणीस परत आल्या. त्यांतल्या एकीचं कार्ड दोऱ्यातून सोडवून ह्यांनी खिशात घातलं आणि जुनं चुलीत टाकलं. पारावर ते कार्ड त्यांनी कुणाला दाखवलं की नाही मला माहीत नाही. पण त्या पावसाळ्यानंतर दोन-तीन जणांच्या सुना त्यांच्याकडे येऊन बसायला लागल्या, आणि हे बाजेवरून त्यांच्यावर खेकसायचे, "आधी मेण लाव. किती डाव सांगू?"

पुढे आठ वर्षं, आकडे तेवढे बदलून, तो परिचय तसाच छापला. मग त्यात आणखी दोन बदल करावे लागले, आणि ते मी माझ्या हाताने केले. मेणाची ओळ खोडली. नावामागे जे एकदा काढायला लावलं होतं ते लावलं.

अंबादास नामदेव मोहळकर एकोणीस जानेवारी दोन हजार सतरा रोजी, गुरुवारी सकाळी, कासारखेडला राहत्या घरी वारले.